हरवलेल्या चेंडूचा हिशेब

गिरगावातल्या कुठल्याही चाळीच्या अंगणात क्रिकेट खेळलेल्या माणसाला हरवलेल्या चेंडूचा कायदा कुणी शिकवावा लागत नाही. जो मारेल तो आणेल. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत गेला तर आउट. मिळालाच नाही तर मारणाऱ्याने नवीन आणायचा, नाहीतर वर्गणी काढायची. मोठ्या क्रिकेटमध्ये मात्र नेमकं उलटं होतं. तिथे चेंडू सापडेना तर क्षेत्ररक्षण करणाऱ्याने 'लॉस्ट बॉल' म्हणून पुकारायचं आणि फलंदाजाच्या बाजूला सहा धावा मिळायच्या. हा नियम २०१७ साली क्रिकेटच्या कायद्यांतून स्वतंत्र कलम म्हणून गेला, पण आमच्या पिढीने तो ऐकलेला आहे. म्हणजे चाळीत मारणारा गुन्हेगार आणि क्रिकेटमध्ये मारणाऱ्याला बक्षीस.

मग तिसऱ्या एका खेळात काय करतात, हे शोधायचं निमित्त माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने दिलं. तो हल्ली गोल्फ खेळतो. फोनवर म्हणाला, "मामा, एक चेंडू हरवला आणि माझे दोन फटके गेले." मी विचारलं, "चेंडू एक, मग फटके दोन कसे?" त्याने सांगितलं ते मला धड कळलं नाही. शिक्षकाची खोड जात नाही, म्हणून नियम आणि त्यांचा इतिहास घेऊन बसलो. जे हाती लागलं ते मंडळींनो, तुमच्यापुढे ठेवतो.

गोल्फ आपल्याला परका वाटतो, पण मुंबईला तो तितका परका नाही. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचे सर्वांत जुने गोल्फ क्लब आपल्या देशात निघाले. कलकत्त्याचा १८२९ साली आणि त्यापाठोपाठ मुंबईचा १८४२ साली. मुंबईचा तो 'रॉयल बॉम्बे' क्लब पुढे बंद पडला. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या पंढरीत आजही 'बॉम्बे सिल्व्हर मेडल' नावाचं एक पदक आहे, ते मुंबईच्याच गोल्फवाल्यांनी दिलेलं. पुढे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ताडदेव-हाजी अलीच्या बाजूला उभा राहिला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. कुलाब्याला सैन्यदलांच्या क्लबाचं मैदान तर समुद्राला लागूनच आहे. आम्हा गिरगावकरांनी यातलं विलिंग्डन पाहिलं ते बसच्या खिडकीतून, तेही बाहेरूनच. असो.

ज्यांना हा खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोनच ओळी. ठरलेल्या जागेवरून चेंडू काठीने मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा. त्या भोकाला आणि तिथवरच्या पट्ट्याला 'होल' म्हणतात. अशी अठरा होल. ज्याला कमीत कमी फटके लागले तो जिंकला. चांगल्या खेळाडूला एखाद्या होलला चार फटके लागावेत अशी अपेक्षा असेल तर त्याला 'पार फोर' म्हणतात. चेंडू जिथे पडेल तिथूनच पुढचा फटका मारायचा, हात लावायचा नाही. या एका वाक्यात गोल्फचा सगळा धर्म आला. आणि अडचणही इथेच सुरू होते. चेंडू जिथे आहे तिथून मारायचा हे खरं, पण तो कुठे आहे तेच माहीत नसेल तर?

गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे आहेत. एडिंबरोजवळच्या लीथ इथे खेळणाऱ्या मंडळींनी एका स्पर्धेसाठी ते लिहिले. एकूण तेराच. त्यात आठवा नियम हरवलेल्या चेंडूचा. चेंडू कुणी उचलून नेला म्हणून किंवा दुसऱ्या कुठल्याही रीतीने हरवला, तर मागचा फटका जिथून मारला तिथे परत जायचं, दुसरा चेंडू टाकायचा आणि या दुर्दैवापोटी प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यायचा. मला यातला 'दुर्दैव' हा शब्द फार आवडला. नियम लिहिणाऱ्यांनी खेळाडूला दोषी म्हटलेलं नाही. ते म्हणतात, हे तुझं दुर्दैव आहे, पण ते तुझंच आहे, समोरच्याचं नाही. त्यामुळे त्याची किंमत तू भरायचीस.

दुसरीही एक गोष्ट पाहा. चेंडू एखाद्या वाटसरूने खिशात घातला तरी दंड खेळाडूलाच. आज आपल्याला हे अन्यायाचं वाटेल. पण लीथचं मैदान म्हणजे सार्वजनिक गवताळ जागा. माणसं, घोडे, कुत्री सगळी तिथून ये-जा करणार. चेंडू कुणी नेला की गवतात बुडाला, हे दूर उभ्या असलेल्या माणसाला कळणार कसं? ज्याची शहानिशा होऊ शकत नाही त्यावर सूट दिली तर प्रत्येक हरवलेला चेंडू 'कुणीतरी नेला' असंच निघेल. चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्या काळी चेंडू हरवणं खिशालाही लागायचं. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याची छोटी पिशवी, तिच्यात उकडलेली पिसं ठासून भरायची आणि शिवायचं. कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच तयार व्हायचे, आणि एक चेंडू कित्येकदा काठीपेक्षाही महाग पडे. १८४८ च्या सुमारास मलायातून येणाऱ्या गटापर्चा नावाच्या चिकापासून स्वस्त चेंडू बनू लागले, तेव्हा कुठे हा खर्च हलका झाला.

चेंडू स्वस्त झाला म्हणून नियम मात्र हलका झाला नाही. पुढे बराच काळ तो इकडून तिकडे झुलत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दोन खेळाडूंच्या आमनेसामने लढतीत, चेंडू हरवला तर ते अख्खं होलच हरलं असा कडक नियम होता. मग पुन्हा जुना नियम आला: मागे जा आणि वर एक फटका दंड. इंग्रजीत याला 'स्ट्रोक अँड डिस्टन्स' म्हणतात, म्हणजे फटकाही गेला आणि अंतरही गेलं. १९५० साली सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांना वाटलं, ही शिक्षा दुहेरी होते. त्यांनी प्रयोग म्हणून दंडाचा फटका काढून टाकला, नुसतं मागे जायचं ठेवलं. पण १९५२ साली त्यांनी आणि अमेरिकेच्या संघटनेने मिळून एकच नियमावली केली, त्यात दंडाचा फटका परत आला. १९६० मध्ये अमेरिकेने पुन्हा तोच सौम्य प्रयोग केला आणि वर्षभरात पुन्हा मागे फिरली.

इतकं मागेपुढे का झालं? हे समजण्यासाठी एक होल मोजून पाहू. पार फोरचं होल घ्या. सगळं सरळ झालं तर पहिला फटका मैदानाच्या मधोमध, दुसरा भोकाजवळच्या मऊ हिरवळीवर, म्हणजे 'ग्रीन'वर, मग दोन हलके फटके आणि चेंडू भोकात. एकूण चार.

आता पहिला फटका झाडीत गेला आणि चेंडू मिळाला नाही. तो फटका मोजलाच जाणार, एक. दंडाचा, दोन. मग मूळ जागेवरून नवा चेंडू मारायचा, तो तिसरा. तो मधोमध पडला, चौथ्याला ग्रीनवर, आणि दोन हलके फटके. एकूण सहा. चाराचे सहा झाले. माझ्या भाच्याचे दोन फटके असे गेले: एक वाया गेलेला आणि एक दंडाचा.

दंड काढून टाकला असता तर पाच झाले असते. पण मग एक विचित्र गोष्ट घडते. समजा चेंडू सापडला, पण काटेरी झुडपात अशा ठिकाणी अडकलाय की काठी फिरवायला जागा नाही. झुडपातून बाहेर काढण्यातच दोन फटके जातील. अशा वेळी ज्याचा चेंडू सापडला त्याला सहा आणि ज्याचा हरवला त्याला पाच! म्हणजे न सापडलेला बरा. मग झाडीत डोकं घालून शोधेल कोण? दंडाचा तो एक फटका या उफराट्या न्यायाला आळा घालतो, असं मला वाटतं.

आता या झुडपात अडकलेल्या चेंडूबद्दल. चेंडू सापडला आहे, आपलाच आहे हेही पटलं आहे, पण मारता येण्यासारखा नाही. अशा चेंडूला 'अनप्लेएबल' म्हणतात. तो तसा आहे की नाही हे ठरवायचा अधिकार पूर्णपणे खेळाडूचा. पंचाला विचारावं लागत नाही, की प्रतिस्पर्ध्याची संमती लागत नाही. फक्त तळं-ओढ्याच्या आखलेल्या भागात हा अधिकार चालत नाही, तिथले नियम वेगळे आहेत.

अशा वेळी एक फटका दंड भरून खेळाडूपुढे तीन वाटा असतात. पहिली वाट नेहमीचीच, मागचा फटका जिथून मारला तिथे परत जायचं. दुसरी, भोकापासून चेंडूपर्यंत मनात एक सरळ रेघ ओढायची आणि त्याच रेघेवर चेंडूच्या मागे हवं तितकं लांब जाऊन चेंडू टाकायचा. तिसरी, चेंडूपासून दोन काठ्यांच्या अंतरात, भोकाच्या जवळ न जाता, बाजूला टाकायचा. तिसरी वाट घेऊन आपलंच होल मोजा. पहिला फटका झुडपात, एक. दंड, दोन. झुडपाच्या बाजूने मारलेला तिसरा ग्रीनवर, मग दोन हलके. एकूण पाच. हरवलेल्याचे सहा झाले होते. म्हणजे निरुपयोगी अवस्थेत का होईना, चेंडू सापडला याची किंमत एक फटका.

इथे मला सगळ्या नियमाची किल्ली सापडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेला चेंडूची जागा माहीत असावी लागते. रेघ ओढायची तर ती कुठल्या बिंदूतून? दोन काठ्या मोजायच्या तर कुठून? चेंडू हरवला की तो बिंदूच नाहीसा होतो. मग सर्वांना ठाऊक असलेली शेवटची जागा एकच उरते, जिथून तो मारला होता ती. म्हणून मागे जायचं. ती शिक्षा वाटते, पण मुळात ती माहितीची मर्यादा आहे.

या दुसऱ्या वाटेचं एक गाजलेलं उदाहरण सांगतो. २०१७ सालची ब्रिटिश ओपन, रॉयल बर्कडेलचं मैदान, शेवटचा दिवस. अमेरिकेचा जॉर्डन स्पीथ आणि त्याचा साथीदार मॅट कूचर बरोबरीत होते. तेराव्या होलला, पार फोरच्या, स्पीथचा पहिला फटका उजवीकडे फार दूर भरकटला आणि वाळूच्या टेकाडावर दाट गवतात चढावर जाऊन बसला. शोधाशोध झाली, चेंडू मिळाला. त्याने तो 'अनप्लेएबल' ठरवला. दोन काठ्या बाजूला टाकावा तर तेच गवत. मागे जावं तर सगळं अंतर पाण्यात. म्हणून त्याने रेघेची वाट धरली आणि मागे मागे जात थेट सरावाच्या मैदानावर पोहोचला. ते मैदान त्या आठवड्यात हद्दीबाहेर धरलेलं नव्हतं, हे त्याने पंचांना विचारून घेतलं. तिथे रेघेवर सामान बनवणाऱ्या कंपन्यांच्या मोठ्या गाड्या उभ्या होत्या. त्या तात्पुरत्या अडथळ्यातून सुटका मात्र फुकट मिळते. या सगळ्यात वीसेक मिनिटं गेली.

आता मोजा. भरकटलेला फटका एक, दंड दोन, सरावाच्या मैदानावरून आंधळेपणानेच मारलेला तिसरा ग्रीनच्या जवळ, चौथा भोकापासून काही फुटांवर, पाचवा आत. कूचर एका फटक्याने पुढे गेला. पण स्पीथचा एकच फटका गेला, आणि पुढच्या चार होलमध्ये त्याने अपेक्षेपेक्षा पाच फटके कमी घेऊन स्पर्धा तीन फटक्यांनी जिंकली. टेकाडावर तो चेंडू कुणालाच दिसला नसता तर या रेघेचा प्रश्नच उद्भवला नसता. मुकाट्याने सुरुवातीच्या जागी परत जावं लागलं असतं.

आता आपल्या मुंबईत परत येऊ, आणि तेही जुलै महिन्यात. पावसाने मैदानात डबकं साचलं आहे. चेंडू हवेतून गेला आणि त्या बाजूला दिसेनासा झाला. शोधला, मिळाला नाही. दंड किती?

प्रश्न साधा, उत्तर दोन. चेंडू डबक्यातच गेला हे कुणी पाहिलं असेल, पाणी उडालेलं दिसलं असेल, तर दंड शून्य! साचलेलं पाणी हे मैदानाचं नैसर्गिक रूप नाही. त्यामुळे चेंडू हाती लागला नाही तरी तो डबक्याची कड जिथे ओलांडून गेला त्या अंदाजाने, पाण्याबाहेर, भोकाजवळ न जाता, दुसरा चेंडू फुकट टाकता येतो. पण कुणीच पाहिलं नसेल, आणि डबक्याभोवती उंच गवत असेल, तर चेंडू गवतातही असू शकतो. मग तो हरवलेला. मागे जा, एक फटका दंड. चेंडू तोच, पाणी तेच, फरक फक्त पाहिल्याचा.

नियमात यासाठी एक मोजमापही दिलं आहे. 'बहुधा तिथेच असेल' एवढं चालत नाही. शंभरात किमान पंचाण्णव इतकी खात्री हवी. घारीने किंवा कुत्र्याने चेंडू पळवला असं म्हणायचं तरी हीच कसोटी. खात्री असेल तर मूळ जागी दुसरा चेंडू ठेवायचा, दंड नाही. १७४४ साली उचलून नेलेल्या चेंडूचाही दंड भरावा लागे, तिथून आपण इथवर आलो. दुर्दैव कुणाचं हे बदललं नाही. पुरावा असेल तर त्याची वसुली होत नाही, एवढं बदललं.

आणि म्हणूनच भारतातल्या गोल्फमध्ये एक माणूस महत्त्वाचा ठरला, ज्याचं नाव इंग्रजी पुस्तकांतही हिंदीतूनच गेलं: आगेवाला. खेळाडूचं सामान वाहणारा कॅडी वेगळा, हा वेगळा. हा मैदानात पुढे जाऊन उभा राहतो आणि चेंडू कुठे पडतो ते पाहतो. मारणाऱ्यापासून दोनशे-अडीचशे यार्डांवर गवतात बोटभर चेंडू कुठे शिरला, हे त्या माणसाच्या नजरेवर असतं. वर मोजलेले हिशेब पाहिले तर त्याची एक नजर कधी एक फटका वाचवते, कधी दोन. पदकावर नाव मात्र कधी त्याचं येत नाही.

शोधायला वेळही अमर्याद नाही. पूर्वी पाच मिनिटं मिळत. १ जानेवारी २०१९ पासून तीनच. खेळाडूने किंवा त्याच्या कॅडीने शोधायला सुरुवात केली की घड्याळ सुरू. तीन मिनिटांनंतर चेंडू पायाशी दिसला तरी तो हरवलेलाच. उलट, वेळेआधी नुसतं तोंडाने 'हरवला' म्हणून टाकलं तर तो हरवत नाही.

पाव मैल मागे जायची पायपीट वाचावी म्हणून एक सोय आहे. चेंडू हरवण्याची शंका आली की तिथल्या तिथे 'प्रोव्हिजनल' असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारून ठेवायचा. पहिला सापडला तर दुसऱ्याचे फटके पुसले जातात. नाही सापडला तर तो दुसरा चेंडूच खरा, आणि त्याचा पहिला फटका हिशेबात तिसरा. तसं स्पष्ट सांगायचं राहिलं, तर मात्र पहिला चेंडू त्या क्षणी खेळातून बाद होतो, मग तो समोर दिसत असला तरी. २०१९ पासूनच क्लबांना आणखी एक मुभा मिळाली. रोजच्या खेळात मागे न जाता, चेंडू जिथे गेला असावा त्या अंदाजाने जवळच टाकायचा, पण दोन फटके दंड भरून. मोठ्या स्पर्धांसाठी हे नाही.

ही मुभा वापरून आपलं होल मोजलं तर पहिला एक, दंडाचे दोन मिळून तीन, चौथा ग्रीनवर आणि दोन हलके. पुन्हा सहाच. मागे जाऊन खेळलं असतं तर जितके झाले असते तितकेच. वाचली ती पायपीट, फटका नाही. पावणेतीनशे वर्षांत चेंडू बदलला, काठी बदलली, घड्याळ आलं, पण लीथच्या त्या आठव्या नियमाची रक्कम तेवढीच राहिली.

मी हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो हसून म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा मैदानावर या, आगेवाला म्हणून." वय सत्तरीपार, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पण लांबचं आता छान दिसतं, तेव्हा नोकरी विचारात घ्यायला हरकत नाही.